अर्धवट टाईप केलेला मेसेज कुठे राहतो: व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामचे ड्राफ्ट सांभाळण्याची पद्धत

‘एवढं मोठं टाईप केलं होतं, गेलं कुठं?’ आणि ‘मी तर पुसलं होतं, परत आलं कसं?’ हे दोन प्रश्न एकमेकांच्या उलटे वाटतात. बहुतेक वेळा दोन्हींचं मूळ एकच निघतं. ड्राफ्ट कुठे साठतो, याबद्दल माणसाचा अंदाज एक असतो आणि अ‍ॅपची रीत दुसरी. ड्राफ्ट चॅटगणिक वेगळा ठेवला जातो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो चॅट कोणत्या यंत्रावरचा आणि कोणत्या खात्यातला, हा पुढचा भाग सुटतो.

खाली दिलेले टप्पे क्रमानेच करा. पहिले दोन टप्पे वगळून थेट ‘गेलेला ड्राफ्ट’ शोधायला जाणारे बहुधा चुकीच्या जागी शोधत बसतात.

## टप्पा 1: ड्राफ्ट या फोनवर आहे की सर्व्हरवर, हे आधी ठरवा

व्हॉट्सॲपमध्ये न पाठवलेला मजकूर तुम्ही जिथे टाईप केला त्याच यंत्रावर राहतो. फोनवर लिहिलं तर फोनवर, लॅपटॉपवर लिहिलं तर लॅपटॉपवर. दोन्ही एकाच नंबरला जोडलेले असले, पाठवलेले मेसेज दोन्हीकडे दिसत असले, तरी अर्धवट मजकूर इकडून तिकडे जात नाही. नोव्हेंबर 2024 पासून व्हॉट्सॲपने अशा चॅटवर हिरव्या ठळक अक्षरांत `Draft` असं दाखवायला आणि तो चॅट यादीत वर आणायला सुरुवात केली. त्यामुळे ड्राफ्ट आता नजरेस पडतो, पण तो राहतो त्याच यंत्रावर.

टेलिग्रामची रीत वेगळी आहे. 2016 पासून तिथले ड्राफ्ट ‘क्लाउड ड्राफ्ट’ आहेत. नेहमीच्या चॅटमध्ये अर्धवट लिहून बाहेर पडलात की मजकूर टेलिग्रामच्या सर्व्हरवर जातो आणि त्या खात्याने लॉगिन असलेल्या प्रत्येक यंत्रावर उतरतो. मजकुरासोबत त्यातली ठळक-तिरपी अक्षरं आणि तुम्ही कोणत्या मेसेजला उत्तर देत होता तेही जातं. अपवाद सीक्रेट चॅटचा. तो चॅटच मुळात एका यंत्राशी बांधलेला असतो, म्हणून त्यातला ड्राफ्टही तिथेच राहतो.

सिग्नल वापरणाऱ्यांनी व्हॉट्सॲपचाच नियम धरावा: ड्राफ्ट त्या त्या यंत्रापुरता.

तपासणी. कोणाचं सांगणं प्रमाण मानू नका, स्वतः करून बघा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज करण्याचा चॅट उघडा, ‘चाचणी फोन’ असं लिहा, पाठवू नका, मागे या. यादीत त्या चॅटवर `Draft` दिसतंय का पाहा. मग लॅपटॉपवर तोच चॅट उघडा. चौकट रिकामी असेल. हेच टेलिग्रामच्या `Saved Messages` मध्ये करा. तिथे लॅपटॉपवर मजकूर हजर असेल. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की पुढचं समजायला सोपं जातं.

सावधान. समोरच्याला तुमचा ड्राफ्ट दिसत नाही, पण टाईप करत असताना ‘टाईप करत आहे’ अशी खूण दिसू शकते. ‘अजून पाठवलं नाही, म्हणजे त्याला काही कळलेलं नाही’ असं धरून चालू नका.

## टप्पा 2: तुम्ही लिहिताय ती चौकट ड्राफ्टची आहे का?

‘ड्राफ्ट गायब झाला’ अशा तक्रारींत मला सगळ्यात जास्त वेळा हेच सापडतं: तो मजकूर कधी ड्राफ्ट झालेलाच नव्हता. चॅट उघडल्यावर तळाशी जी चौकट दिसते तेवढीच ड्राफ्ट ठेवते. दिसायला तशाच असलेल्या बाकी जागांवर भरवसा ठेवू नये.

पहिली जागा म्हणजे नोटिफिकेशन. वरून पडदा ओढून तिथल्या तिथे ‘उत्तर द्या’ दाबून आपण लिहू लागतो. ही चौकट फोनच्या प्रणालीची असते. तुम्ही पाठवा दाबेपर्यंत त्यातलं एक अक्षरही व्हॉट्सॲपकडे किंवा टेलिग्रामकडे गेलेलं नसतं. नोटिफिकेशन बाजूला सरकवलं की मजकूर गेला, आणि अ‍ॅप उघडून चॅटमध्ये कितीही शोधला तरी मिळणार नाही. दोन-तीन शब्दांचं उत्तर असेल तरच तिथे लिहा. चौथा शब्द लागणार असं वाटलं की चॅट उघडा.

दुसरी जागा पाठवलेला मेसेज दुरुस्त करण्याची. व्हॉट्सॲप पाठवल्यापासून 15 मिनिटांपर्यंत दुरुस्ती करू देतं. त्या वेळी उघडणारी चौकट नेहमीच्या चौकटीसारखीच दिसते, पण तिच्यात आहे ती दुरुस्ती. मध्येच मागे गेलात तर दुरुस्ती सोडून दिली असा अर्थ धरला जाऊ शकतो, आणि मूळ मेसेज जसाच्या तसा राहतो. मोठा बदल करायचा असेल तर नवा मजकूर आधी वेगळीकडे लिहा आणि मग इथे आणून चिकटवा.

तिसरी जागा फोटोखालची ओळ. फोटो निवडल्यावर त्याच्या खाली लिहिलेली ओळ त्या पाठवण्याच्या पडद्याची असते. मागे आलात की निवडलेला फोटो सुटतो. ओळ वाचली तर नशीब. टेलिग्रामच्या क्लाउड ड्राफ्टमध्येही फोटो साठत नाही, मजकूर साठतो. स्टेटसला दिलेलं उत्तर याच जातीतलं आहे. स्टेटस पुढे सरकला की त्या उत्तराची हमी संपली.

तपासणी. लिहिण्याआधी वर समोरच्याचं किंवा ग्रुपचं नाव आणि मागे जुने मेसेज दिसतायत का? दिसत असतील, आणि दुरुस्तीची खूण नसेल, तर जागा बरोबर आहे.

## टप्पा 3: चॅटमधून बाहेर पडण्याचा क्रम

ड्राफ्ट प्रत्येक अक्षरागणिक पक्का होतोच असं नाही. चॅटमधून मागे येणं, दुसऱ्या चॅटवर जाणं, होम बटण दाबणं, स्क्रीन बंद करणं, अशा वेळी अ‍ॅपला ‘आता बाजूला होतोय’ ही सूचना मिळते आणि ते मजकूर नोंदवून ठेवतं. अ‍ॅप समोर उघडं असतानाच कोसळलं किंवा बॅटरी संपून फोन पटकन बंद पडला, तर ही सूचना मिळायला वेळच उरत नाही. मग शेवटची दोन वाक्यं जातात, कधी सगळाच मजकूर.

म्हणून मोठा मजकूर अर्धवट सोडायचा असेल तर असा क्रम ठेवा:

1. शब्दाखाली रेघ दिसत असेल (मराठी कीबोर्डवर रोमन अक्षरांतून लिहिताना ती दिसते) तर स्पेस देऊन तो शब्द पक्का करा. बोलून टाईप करत असाल तर माइक बंद करून बोललेलं सगळं चौकटीत उतरू द्या.
2. मागे या आणि चॅटची यादी दिसू द्या.
3. त्या चॅटच्या नावाखाली `Draft` आणि तुमच्या मजकुराची सुरुवात दिसली का, ते पाहा.
4. मगच होम बटण दाबा.
5. चालू अ‍ॅप वर ढकलून बंद करण्याची सवय असेलच, तर ते सगळ्यात शेवटी.

तिसरी पायरी दोन सेकंदांची आहे, आणि नेमकी तीच लोक गाळतात. यादीत `Draft` दिसलं म्हणजे मजकूर चौकटीतून निघून अ‍ॅपच्या साठ्यात पोचला. फोन कंपन्यांचे ‘बॅटरी वाचवा’ प्रकार मागचं अ‍ॅप कितीही लवकर मारोत, त्यानंतर ड्राफ्टला धक्का लागत नाही.

सावधान. मजकूर खरंच महत्त्वाचा असेल, उदाहरणार्थ शोकसंदेश, तक्रार किंवा हिशोब, तर त्याला ड्राफ्टवर सोडूच नका. स्वतःच्याच चॅटमध्ये पाठवून टाका. पाठवलेला मेसेज सगळ्या यंत्रांवर जातो, बॅकअपमध्ये येतो आणि शोधताही येतो. शिवाय अर्धवट मजकूर चुकून पन्नास जणांच्या ग्रुपवर जाण्याची भीती राहत नाही. बोट `Send` वर पडायला कितीसा वेळ लागतो!

## टप्पा 4: दुसऱ्या यंत्रावर काम पुढे न्यायचं असेल तर

इथे एक प्रसंग पायरीपायरीने पाहू. सोसायटीच्या सचिव बाई बसमध्ये बसून ‘सदस्य’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना लिहितायत: ‘रविवारी सकाळी 10 ते दुपारी 4 पाण्याची टाकी साफ होणार आहे, पाणी भरून ठेवावे.’ तेवढ्यात फोन येतो, सूचना अर्धवट राहते. घरी येऊन त्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडतात. चौकट रिकामी. ‘गेलं वाटतं’ म्हणून पुन्हा लिहितात. मध्यंतरी ठेकेदाराने वेळ बदललेली असते, म्हणून नव्या सूचनेत 9 ते 2 असं लिहून पाठवतात. इथपर्यंत सगळं ठीक.

रात्री कोणीतरी ग्रुपवर विचारतं, ‘बी विंगलाही का?’ बाई फोनवर ग्रुप उघडतात. जुना मजकूर चौकटीत तसाच बसलेला असतो, कारण लॅपटॉपवरून पाठवलेल्या मेसेजचा फोनवरच्या ड्राफ्टशी काहीच संबंध नाही. कर्सर मजकुराच्या शेवटी असतो. चौकटीत एवढं काय आहे इकडे लक्ष न देता त्या ‘हो’ लिहितात आणि पाठवतात. ग्रुपवर जातं: ‘रविवारी सकाळी 10 ते दुपारी 4 … पाणी भरून ठेवावे. हो’. आता एकाच सूचनेच्या दोन वेळा झाल्या. पुढचा तासभर खुलासे करण्यात जातो.

यात ड्राफ्ट गायब झालाच नव्हता. घोटाळा तो राहिल्यामुळे झाला. व्हॉट्सॲपवर यंत्र बदलायचं असेल तर क्रम असा ठेवा: फोनवरच्या चौकटीतला सगळा मजकूर निवडून `Cut` करा (कॉपी नको, कारण कॉपी केल्यास मूळ तिथेच उरतं), स्वतःच्या चॅटमध्ये चिकटवून पाठवा, आणि लॅपटॉपवर तो मेसेज उघडून तिथून उचला. फोनवरच्या ग्रुपची चौकट रिकामी झाली आणि यादीतली `Draft` ही खूण गेली, हे पाहूनच फोन बाजूला ठेवा.

टेलिग्रामवर एवढं करावं लागत नाही, पण तिथे अडचण उलट बाजूने येते. फोनवर मजकूर लिहून लगेच नेट बंद झालं, तर ड्राफ्ट फोनवर नोंदलेला असतो पण सर्व्हरवर गेलेला नसतो. तुम्ही लॅपटॉपवर वेगळं काही लिहिता, आणि नंतर फोनला नेट मिळतं. एका चॅटला एकच क्लाउड ड्राफ्ट असतो, त्यामुळे दोन मजकुरांपैकी एक दुसऱ्यावर बसतो. दोन्ही जोडून ठेवले जात नाहीत. म्हणून टेलिग्रामवर यंत्र बदलताना आधीच्या यंत्रावर चॅटमधून मागे या, नेट चालू आहे याची खात्री करा आणि मगच दुसरीकडे टाईप करा. एकच चॅट दोन्ही पडद्यांवर उघडा ठेवून दोन्हीकडे लिहिणं टाळा.

तपासणी. दुसऱ्या यंत्रावर पहिलं अक्षर लिहिण्याआधी चौकटीत जुना मजकूर आला का? नसेल आला तर थांबा, आधीचं यंत्र पाहा.

## टप्पा 5: ड्राफ्ट सापडत नाही, तर या क्रमाने शोधा

सर्वांत आधी: अ‍ॅप काढून पुन्हा टाकू नका. घाबरून लोक पहिलं तेच करतात, आणि यंत्रावर असलेला ड्राफ्ट तेव्हा खरोखर जातो.

1. खातं बरोबर आहे का? अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपमध्ये 2023 पासून एकाच अ‍ॅपमध्ये दोन खाती ठेवता येतात. काहींकडे साधं व्हॉट्सॲप आणि बिझनेस अशी दोन अ‍ॅप असतात. एकाच माणसाशी दोन्हींवरून बोलणं होत असेल तर चौकटीही दोन.
2. चॅट बरोबर आहे का? तीच माणसं असलेले दोन ग्रुप, ग्रुप आणि खासगी चॅट, कम्युनिटीची घोषणांची जागा आणि तिच्यातला ग्रुप, हे सगळे वेगळे चॅट आहेत. ग्रुपमधल्या मेसेजवर ‘खासगीत उत्तर द्या’ निवडलं असेल तर मजकूर त्या व्यक्तीच्या चॅटमध्ये गेलेला असतो. टेलिग्रामच्या ज्या ग्रुपमध्ये विषयवार कप्पे असतात, तिथे प्रत्येक कप्प्याचा ड्राफ्ट स्वतंत्र. यादी वरून खाली सरकवत `Draft` शोधा आणि अर्काइव्हमध्येही डोकावा.
3. यंत्र बरोबर आहे का? व्हॉट्सॲप असेल तर ऑफिसचा संगणक, घरचा लॅपटॉप, जुना फोन, सगळं आठवा.
4. ब्राउझर होता का? ब्राउझरमधला मजकूर त्या ब्राउझरच्या साठ्यावर अवलंबून असतो. खासगी विंडो बंद केली, लॉगआउट केलं किंवा ब्राउझरचा साठा साफ केला, तर तो परत मिळण्याची आशा धरू नका.
5. क्लिपबोर्ड पाहा. मजकूर कधी कट किंवा कॉपी केला असेल तर कीबोर्डच्या क्लिपबोर्डमध्ये असू शकतो. जीबोर्डवर क्लिपबोर्ड आधीपासून चालू असेल तर तिथे कॉपी केलेलं साधारण तासभर राहतं, म्हणून ही पायरी फार लांबवू नका.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. ‘आपोआप नाहीसे होणारे मेसेज’ चालू होते म्हणून ड्राफ्ट गेला, असं पुष्कळ जण म्हणतात. त्या सोयीची 24 तासांची, 7 दिवसांची किंवा 90 दिवसांची मुदत मेसेज पाठवल्यावर मोजायला लागते. जो पाठवलाच नाही, त्याची मुदत सुरूच झालेली नसते. कारण दुसरीकडे शोधा.

## टप्पा 6: ड्राफ्ट जात नाही, तर असा पुसा

व्हॉट्सॲपवर चॅट उघडा, चौकटीत बोट दाबून `Select all` करा आणि पुसा. नुसतं बॅकस्पेस दाबून धरल्यावर कधी कधी वरच्या रिकाम्या ओळी उरतात, म्हणून सगळं निवडूनच पुसलेलं बरं. मग मागे येऊन यादी पाहा. तोच मजकूर लॅपटॉपवरही लिहिला असेल तर तिथेही वेगळा पुसावा लागेल.

टेलिग्रामवर पुसलेला ड्राफ्ट परत येतो, त्याचं कारण बहुधा दुसरं यंत्र असतं. एखाद्या नेट नसलेल्या टॅब्लेटवर तोच चॅट जुन्या मजकुरासह पडून असतो. त्याला नेट मिळालं की त्याच्याकडचा मजकूर पुन्हा वर जाऊ शकतो. अशा वेळी क्रम महत्त्वाचा आहे:

1. `Settings` मधल्या `Devices` मध्ये जाऊन कोणकोणती यंत्रं जोडलेली आहेत ते पाहा.
2. वापरात नसलेली यंत्रं तिथूनच बंद करा.
3. उरलेल्या प्रत्येक यंत्राला नेट देऊन तो चॅट बंद करा.
4. आता एकाच यंत्रावरून मजकूर पुसा आणि मागे या.
5. दुसऱ्या यंत्रावर तो गेला का ते पाहा.

सगळ्याच चॅटमधले ड्राफ्ट एकदम काढायचे असतील तर टेलिग्राममध्ये `Delete All Cloud Drafts` ही सोय आहे. आयफोनवर ती `Privacy and Security` मधल्या `Data Settings` मध्ये मिळते, अँड्रॉइडवर `Data and Storage` मध्ये खाली. हे दाबल्यावर मागे फिरता येत नाही. हवे ते मजकूर आधी `Saved Messages` मध्ये पाठवून ठेवा. सीक्रेट चॅटमधले ड्राफ्ट क्लाउडवर नसतातच, ते तिथे जाऊन हातानेच पुसा.

सावधान. ऑफिसच्या किंवा सायबर कॅफेच्या संगणकावर टेलिग्राम उघडं राहिलं असेल, तर घरी बसून फोनवर लिहिलेला अर्धवट मजकूर तिथल्या चॅट यादीत दिसतो. पाठवलेला नसला तरी दिसतो. राजीनाम्याचा मसुदा असा लिहिणाऱ्यांनी आधी `Devices` पाहावं. शिवाय टेलिग्रामचे नेहमीचे चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात. त्यांचे ड्राफ्टही सर्व्हरवर त्याच पातळीच्या सुरक्षेत असतात.

## टप्पा 7: फोन बदलण्याआधी, अ‍ॅप काढण्याआधी

अँड्रॉइडवर अ‍ॅपच्या माहितीत दोन बटणं शेजारी असतात: कॅशे साफ करा आणि स्टोरेज साफ करा. जागा कमी पडली की घाईत दुसरं दाबलं जातं. कॅशे म्हणजे पुन्हा आणता येईल असा तात्पुरता साठा. स्टोरेज म्हणजे अ‍ॅपची स्वतःची नोंदवही, आणि यंत्रावरचे ड्राफ्ट त्याच वहीत असतात. टेलिग्रामवर स्टोरेज साफ झालं तरी पुन्हा लॉगिन केल्यावर क्लाउड ड्राफ्ट परत उतरतात. सीक्रेट चॅट मात्र ड्राफ्टसकट जातात.

व्हॉट्सॲपवर फोन बदलताना माझा क्रम ठरलेला आहे. चॅट यादी वरपासून चाळायची, प्रत्येक `Draft` उघडायचा, आणि लगेच निकाल लावायचा: पाठवायचा, स्वतःच्या चॅटमध्ये हलवायचा, नाहीतर पुसायचा. अर्काइव्हमध्येही तेच. यादीत एकही `Draft` उरला नाही की मग बॅकअप घ्यायचा. बॅकअप आधी आणि चाळणी नंतर असं केलं, तर स्वतःच्या चॅटमध्ये हलवलेले मेसेज त्या बॅकअपमध्ये येत नाहीत. नव्या फोनवर चॅट उतरल्यावर स्वतःच्या चॅटमधला शेवटचा मेसेज दिसतो का ते पाहा, आणि तो दिसेपर्यंत जुना फोन रिसेट करू नका.